'रीच्ड टू होम'मधला 'टू' येतो कुठून?

कोल्हापुरात इंग्रजी शिकणाऱ्या कुणालाही 'मी घरी पोहोचलो' याचं इंग्रजी विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'आय रीच्ड टू होम' असंच येईल. 'तो खोलीत शिरला' म्हणजे 'ही एंटर्ड इन्टू द रूम', आणि 'त्यानं तिच्याशी लग्न केलं' म्हणजे 'ही मॅरीड विथ हर'. तिन्ही वाक्यांत क्रियापदाच्या पाठोपाठ एक प्रिपोझिशन आलंय, आणि इंग्रजीला ते तिथं नको आहे. राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये मी ते खोडलं की पोरं म्हणतात, "सर, 'टू' काढला तर वाक्य उघडं पडतंय की!" आक्षेप खोटा नाही. मराठी कानाला ते वाक्य खरंच उघडं वाटतं. ते का वाटतं हे कळल्याशिवाय नुसती यादी पाठ करून हा 'टू' जात नाही, यादी विसरली की तो परत येतो.

मराठीत नामाला सहसा काहीतरी जोडूनच वाक्यात बसवावं लागतं. घर-ई, खोली-त, तिच्या-शी, त्या-ला, विषया-वर, रजे-साठी. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय काढलं तर 'मी खोली शिरलो' असं काहीतरी उरतं, ते मराठी नव्हेच. इंग्रजी बोलताना आपण हा प्रत्यय उचलतो, त्याला जवळचं प्रिपोझिशन शोधतो आणि नामाच्या आधी ठेवतो. ला म्हणजे 'टू', त म्हणजे 'इन' किंवा 'इन्टू', शी म्हणजे 'विथ', बद्दल म्हणजे 'अबाउट'. यात आळस नाही, उलट प्रत्येक प्रत्ययाचा हिशेब नीट चुकता केलेला असतो.

पण मराठीतही अशी क्रियापदं आहेत ज्यांना हे काही लागत नाही. 'तो स्टेशनला पोहोचला' हे एक वाक्य घ्या आणि 'त्यानं स्टेशन गाठलं' हे दुसरं. घटना एकच. पहिल्यात स्टेशनला 'ला' लागलाय, दुसऱ्यात स्टेशन तसंच्या तसं उभं आहे. आता कर्ता बदलून बघा. 'ती स्टेशनला पोहोचली' म्हटलं की क्रियापद तिच्यासारखं बदलतं, पण 'तिनं स्टेशन गाठलं' मध्ये क्रियापद हलत नाही, ते स्टेशनच्या लिंगाला धरून बसलंय. पोहोचणे अकर्मक आहे आणि गाठणे सकर्मक. गाठणे हे क्रियापद स्टेशनला थेट कर्म म्हणून घेतं, मध्ये कुणी लागत नाही.

इंग्रजी 'रीच' हे गाठणे आहे, पोहोचणे नव्हे. एवढं मनात बसलं की 'आय रीच्ड द स्टेशन' उघडं वाटत नाही, कारण आता तुम्ही ते 'मी स्टेशन गाठलं' असं ऐकता. पोहोचणेच्या जवळचं इंग्रजी क्रियापद 'अराइव्ह' आहे, आणि त्याला खरोखरच प्रिपोझिशन लागतं: 'अराइव्ह्ड अॅट द स्टेशन', 'अराइव्ह्ड इन कोल्हापूर'. शाळेत आपल्याला दोन्हींचा अर्थ 'पोहोचणे' असाच लिहून दिला जातो आणि घोळ तिथं सुरू होतो.

'होम'ची भानगड अजून वेगळी आहे. 'गो', 'कम' या क्रियापदांना ठिकाणाआधी 'टू' लागतो, 'वेंट टू द ऑफिस', पण 'वेंट होम'. इथं 'होम' नाम राहिलेलं नाही, ते क्रियाविशेषण झालंय. आपल्या 'घरी' या शब्दात सप्तमीचा 'ई' आधीच बसलेला असतो, म्हणून आपण 'घरीला गेलो' म्हणत नाही, तसंच हे. म्हणजे 'रीच्ड टू होम'मधला 'टू' दोन कारणांनी फालतू आहे: 'रीच'ला नको आणि 'होम'लाही नको.

आता या विषयातला खरा गुंता. आपली आजची मराठी बघा. आपण विनवत नाही, विनंती करतो. वरत नाही, लग्न करतो. चर्चा करतो, मागणी करतो, प्रवेश करतो, संपर्क साधतो, भर देतो, हल्ला करतो. अर्थाचा सगळा भार नामावर, आणि करणे, देणे, साधणे ही क्रियापदं फक्त ओझं वाहायला. अशा जोडीत प्रत्यय त्या नामाच्या नात्यानं येतो. 'प्रकल्पाबद्दल चर्चा केली' मधला 'बद्दल' चर्चेचा आहे, 'करणे'चा नाही.

इंग्रजीतसुद्धा नामाला प्रिपोझिशन लागतंच. 'अ डिस्कशन अबाउट द प्रोजेक्ट' अगदी बरोबर आहे. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'अॅन एम्फसिस ऑन क्वालिटी', 'अॅन अटॅक ऑन द फोर्ट', 'हर मॅरेज टू अ डॉक्टर', हे सगळं बरोबर. पण त्याच अर्थाचं क्रियापद आलं की प्रिपोझिशन गळतं: 'डिस्कस द प्रोजेक्ट', 'रिक्वेस्ट लीव्ह', 'एम्फसाइझ क्वालिटी', 'अटॅक द फोर्ट', 'मॅरी अ डॉक्टर'. आपण मनात 'चर्चा' हे नाम धरून बोलतो, तोंडातून 'डिस्कस' हे क्रियापद काढतो, आणि नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटवतो.

जिथं नाम आणि क्रियापद दिसायला एकच आहेत तिथं तर फसगत ठरलेलीच. 'रिक्वेस्ट', 'ऑर्डर', 'डिमांड', 'व्हिजिट', 'कॉन्टॅक्ट', 'आन्सर', 'अटॅक', 'लॅक' हे सगळे त्यातलेच. 'माय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह' बरोबर आणि 'आय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह' चूक, कारण पहिल्यात 'माय' आहे म्हणून 'रिक्वेस्ट' नाम आहे आणि दुसऱ्यात 'आय' कर्ता आहे म्हणून तो क्रियापद आहे. शब्दाच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'युवर' यातलं काही बसलेलं असेल तर प्रिपोझिशन बहुधा हवं. कर्त्याच्या मागून तो शब्द कामाला लागला असेल तर आधी संशय घ्यावा.

आपल्या जुन्या मराठीत मात्र एका शब्दाची सकर्मक क्रियापदं भरपूर होती, आणि ती इंग्रजीला फार जवळची आहेत. रुक्मिणीनं कृष्णाशी वरलं नाही, कृष्णाला वरलं. 'मॅरी' म्हणजे हेच वरणे. बातमीत अजून 'हा विषय बैठकीत चर्चिला गेला' असं छापून येतं, ते 'डिस्कस'. मी वर्गात ही क्रियापदं मुद्दाम वापरतो. पोरं हसतात, 'सर, लई जुनं मराठी' म्हणतात, पण 'मॅरीड विथ'मधला 'विथ' गळायला मदत होते. लग्न झालेलं असणं ही अवस्था सांगायची असेल तेव्हा इंग्रजीत 'टू' येतो, 'शी इज मॅरीड टू अ फार्मर', 'विथ' तिथंही नाही. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' हे बायोडेटावर दिसतं आणि ते बरोबर असतं, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत असा होतो. लग्न कुणाशी झालं ते त्यात नाही.

'ला'चं प्रकरण थोडक्यात. मराठी 'ला' दोन नोकऱ्या करतो. 'मी तिला पुस्तक दिलं' यात तो घेणाऱ्याला लागलाय, आणि 'मी तिला पाहिलं' यात थेट कर्माला. माणूस किंवा प्राणी कर्म असला की मराठी त्यालाही 'ला' लावते. इंग्रजी 'टू' फक्त पहिली नोकरी करतो, तीही दर वेळी नाही. म्हणून 'आस्क्ड टू हिम', 'टोल्ड टू मी', 'मेट टू हर', 'कॉल्ड टू हिम' यांतला प्रत्येक 'टू' आपल्या 'ला'चा आहे. इंग्रजीत 'आस्क्ड हिम', 'टोल्ड मी', 'मेट हर', 'कॉल्ड हिम'. 'मेट विथ' मात्र ठरवून घेतलेल्या बैठकीसाठी चालतं, अमेरिकी इंग्रजीत जास्त.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका मेलवर पाहू. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या कामावर असलेला एखादा पोरगा ग्राहकाला असं काहीतरी लिहितो. इंग्रजी मेल आहे, मी देवनागरीत उतरवतोय:

'आय रीच्ड टू शिरोली अॅट नाइन. आय मेट टू द क्वालिटी मॅनेजर अँड वी डिस्कस्ड अबाउट द ब्लो होल्स. ही एम्फसाइझ्ड ऑन द मॉइश्चर इन द सँड. आय आस्क्ड टू हिम फॉर द टेस्ट रिपोर्ट. आय रिक्वेस्ट फॉर टू मोअर डेज. वी विल कॉन्टॅक्ट टू यू आफ्टर द नेक्स्ट हीट.'

ब्लो होल म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली तर रस ओतताना वाफ होते, ती धातूत अडकते आणि माल रिजेक्ट होतो. पोराला काम येतं, मेलमधली माहिती चोख आहे. आता एकेक वाक्य घेऊ.

'रीच्ड टू शिरोली' म्हणजे शिरोली गाठली, 'टू' गेला. पण 'अॅट नाइन' राहणार. ते वेळेचं आहे, 'रीच'च्या कर्माशी त्याचा संबंध नाही. 'मेट टू'मधला 'टू' हा 'ला', तोही गेला. 'डिस्कस्ड अबाउट' म्हणजे चर्चेचं शेपूट, गेलं. 'एम्फसाइझ्ड ऑन' म्हणजे 'वर भर दिला'मधला 'वर', गेला. त्याच वाक्यातल्या 'मॉइश्चर इन द सँड'मधला 'इन' मात्र नामाचा आहे, वाळूतली ओल, त्याला हात लावायचा नाही. 'आस्क्ड टू हिम फॉर द टेस्ट रिपोर्ट' हे वाक्य शिकण्यासारखं आहे, कारण त्यात दोन प्रिपोझिशन शेजारीशेजारी आहेत आणि एकच चूक आहे. ज्याच्याकडे मागितलं त्याच्या आधी काही नको, जी वस्तू मागितली तिच्या आधी 'फॉर' हवाच: 'आय आस्क्ड हिम फॉर द टेस्ट रिपोर्ट'. 'रिक्वेस्ट फॉर'मधला 'फॉर' गेला तर 'आय रिक्वेस्ट टू मोअर डेज' उरतं. व्याकरणाला ते चालतं, पण कानाला ताठ लागतं, शिवाय इथला 'टू' आकड्याचा आहे हे वाचणाऱ्याला थांबून बघावं लागतं. मी असतो तर सरळ 'प्लीज गिव्ह अस टू मोअर डेज' लिहिलं असतं. शेवटी 'कॉन्टॅक्ट यू'. 'आफ्टर' राहिला. हीट म्हणजे भट्टीतला एक घाणा, त्याच्यानंतर.

सात प्रिपोझिशन गेली, चार राहिली. या चारांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण एकदा खोडायची सवय लागली की पोरं सरसकट खोडत सुटतात. मग 'आय लिसन म्युझिक', 'प्लीज एक्सप्लेन मी', 'आय अराइव्ह्ड स्टेशन', 'आय अॅम वेटिंग यू' असं सुरू होतं. 'लिसन'ला 'टू' लागतो, 'वेट'ला 'फॉर' लागतो. 'एक्सप्लेन'ला तर माणसाआधी 'टू' लागतोच, 'एक्सप्लेन इट टू मी', जरी 'टेल'ला तो लागत नसला तरी. अर्थ जवळचा म्हणून व्याकरण सारखं असेल असं धरता येत नाही.

मग हवं की नको हे ओळखायचं कसं? वाक्य उलटवून बघणं हा एक उपाय आहे. कर्म पुढं आणा आणि कर्मणी प्रयोग करा. 'द ब्लो होल्स वर डिस्कस्ड' हे वाक्य पूर्ण आहे, शेवटी काही लोंबत नाही, म्हणजे 'डिस्कस'ला 'अबाउट' नको होतं. 'म्युझिक' पुढं आणून बघा: 'द म्युझिक वॉज लिसन्ड' अर्धवट वाटतं, 'लिसन्ड टू' म्हणावं लागतं, म्हणजे तिथला 'टू' खरा. प्रश्न विचारूनही कळतं. 'व्हॉट डिड यू डिस्कस?' इथं संपतं, पण 'व्हॉट डिड यू टॉक' नंतर 'अबाउट' आल्याशिवाय संपत नाही.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. 'रिझेम्बल' आणि 'लॅक' सकर्मक असूनही कर्मणी प्रयोगात नीट बसत नाहीत. 'ही रिझेम्बल्स हिज फादर' बरोबर, 'विथ' किंवा 'टू' नको, पण वाक्य उलटवायला गेलात तर विचित्र काहीतरी हाती येतं. 'मॅरी'चंही तसंच, उलटवलं की लग्न लावणारा भटजी डोळ्यांसमोर येतो. शिवाय ज्याच्या कानाला 'डिस्कस्ड अबाउट'ची सवय आहे त्याला 'वॉज डिस्कस्ड अबाउट' हेही ठीक वाटू शकतं. अशा वेळी शब्दकोश उघडावा. विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याच इंग्रजी कोशांत क्रियापदापुढं [T] किंवा [I] छापलेलं असतं. [T] म्हणजे सकर्मक, कर्म थेट घेणारं. [I] म्हणजे अकर्मक, आणि मग त्याच्यासोबत कोणतं प्रिपोझिशन येतं तेही उदाहरणात ठळक दिलेलं असतं. मोबाइलवर अर्थ पाहताना आपण हे अक्षर ओलांडून थेट मराठी अर्थावर जातो, आणि मराठी अर्थ म्हणजे पुन्हा 'चर्चा करणे'.

काही क्रियापदांना दोन्ही खुणा असतात, आणि तिथं प्रिपोझिशन असण्या-नसण्यानं अर्थच बदलतो. माझ्या मते आधी हीच शिकावीत, 'डिस्कस अबाउट' नंतर बघता येईल. 'सर्च' घ्या. 'द पोलीस सर्च्ड द बॉय' म्हणजे पोलिसांनी पोराची झडती घेतली, खिसे तपासले. 'सर्च्ड फॉर द बॉय' म्हणजे हरवलेल्या पोराचा शोध घेतला. जोतिबाच्या यात्रेत मूल हरवलं तर या दोन वाक्यांत केवढा फरक पडतो! 'अटेंड द मीटिंग' म्हणजे बैठकीला हजर राहिलो, 'अटेंड टू द पेशंट' म्हणजे पेशंटकडे लक्ष दिलं. 'आन्सर द बॉस' म्हणजे साहेबाला उत्तर दिलं, 'आन्सर टू द बॉस' म्हणजे त्याच्या हाताखाली आहे, जाब त्याला द्यायचा. 'एंटर'चंही तसंच. खोलीत, गावात, वर्गात शिरायचं तर नुसतं 'एंटर', पण करार किंवा वाटाघाटी असतील तर 'एंटर इन्टू अॅन अॅग्रीमेंट'. तिथला 'इन्टू' खोडला तर वकील तो परत लिहील.

'एंटर'बद्दल एक जण नेहमी सांगतो की शब्दातच 'आत' आहे, म्हणून 'इन्टू' लावणं म्हणजे द्विरुक्ती. मूळ लॅटिन 'इन्त्रा' म्हणजे आत, हे खरं आहे. पण या कारणावर फार विसंबू नये. 'अराइव्ह'च्या पोटात लॅटिनमधलं 'किनाऱ्याला' असं आख्खं बसलंय, तरी त्याला 'अॅट' लागतोच. आणि 1611 सालच्या इंग्रजी बायबलात खोलीत शिरण्यासाठी 'एंटर इन्टू' आहे, शेक्सपिअरचा हॅम्लेट आईबद्दल 'मॅरीड विथ माय अंकल' म्हणतो. म्हणजे आपण जे बोलतो ते एकेकाळी लंडनमध्येही चालत होतं. नंतर तिथली वहिवाट बदलली. आज परीक्षा, मुलाखत, परदेशी ग्राहकाचा मेल यात चालते ती ही नवी वहिवाट. गप्पांत कुणी 'डिस्कस अबाउट' म्हटलं तर मी त्याला मध्येच तोडत नाही, समोरच्याला कळलेलं असतं.

आपण 'कोप विथ', म्हणजे निभावून नेणे, याच्या मध्येही एक 'अप' घालतो आणि 'कोप अप विथ' म्हणतो. हे वरच्या कुठल्याच खात्यात बसत नाही, कारण याच्यामागं मराठी प्रत्यय नाही. 'अप' म्हणावं असं मराठीत काही नसतंच तिथं. हा 'अप' इंग्रजीतूनच चुकून आलाय, 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' या त्रिकुटातून. तिन्हींचा ठेका एकच आणि तिघांचा अर्थही 'कसंबसं निभावून नेणे'च्या आसपास फिरतो, म्हणून 'कोप' त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. 'कोप' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या वार करणे, हाणामारीला भिडणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, म्हणून त्याला 'विथ' शोभतो, कुणाशी भिडायचं ते सांगायला: 'कोप विथ द हीट', 'कोप विथ द वर्कलोड'. 'अप'ला तिथं काम नाही. आणि कशाशी हे समोरच्याला माहीत असेल तर 'विथ'ही जातो, 'आय कान्ट कोप' एवढंच वाक्य पुरतं. 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' मात्र पुन्हा आपला, 'परत' येणे, 'परत' कळवणे यातला. तो सोडायला 'कोप अप'पेक्षा जास्त दिवस लागतात, कारण 'परत' आपण दिवसभर बोलत असतो.